इथरनेट लिंक न लागणे

केबल दोन्ही टोकांना बसवलेली असते, तरी पोर्टजवळचा दिवा लागत नाही आणि संगणक केबल जोडलेलीच नाही असे दाखवतो. या बिघाडाला लिंक न लागणे म्हणतात. तो विजेच्या संकेतांच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवरचा असतो. आयपी पत्ता, डीएनएस किंवा फायरवॉल यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, त्यामुळे तिथल्या सेटिंग बदलत बसल्याने हाती काही लागत नाही. दोष केबलमध्ये, पोर्टात, नेटवर्क कार्डात किंवा पलीकडच्या स्विचमध्ये असतो.

लिंक ठरते कशी

केबल जोडल्यावर कार्ड आणि स्विच एकमेकांना सुमारे 16 मिलिसेकंदांच्या अंतराने स्पंदांचे छोटे झुबके पाठवतात. त्यातून दोघांना कोणते वेग जमतात हे कळते आणि दोघांना जमणारा सर्वांत मोठा वेग ठरतो. ही बोलणी केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्यांवर होते: पिन 1-2 आणि पिन 3-6. शंभर मेगाबिटचा वेगही याच दोन जोड्यांवर चालतो. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात.

सर्वांत जास्त चकवणारा बिघाड इथेच असतो. आठपैकी फक्त सातव्या पिनची तार तुटलेली आहे असे समजा. बोलणी सुरळीत होते, दोन्ही बाजू गिगाबिटवर राजी होतात, पण प्रत्यक्ष चार जोड्यांवर सूर जुळवायला गेल्यावर एक जोडी मुकी निघते. मग बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि हे चक्र चालूच राहते. काही कार्डे दोन-चार प्रयत्नांनंतर आपण होऊन शंभरवर उतरतात, काही उतरत नाहीत. म्हणून हीच केबल जुन्या, शंभर मेगाबिटच्या यंत्राला उत्तम चालते आणि नव्या संगणकाला अजिबात चालत नाही. ‘तिकडे चालली, म्हणजे केबल चांगली’ हा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

एक तपासणी, क्रमाने

गिगाबिट कार्डाचा लिनक्स संगणक आणि गिगाबिट स्विच यांच्यात वर सांगितलेली केबल आहे असे धरू. आधी इंटरफेस चालू करावा. तो बंद असेल तर केबल निर्दोष असूनही लिंक दिसत नाही.

```
sudo ip link set eth0 up
sudo ethtool eth0
```

`eth0` च्या जागी `ip link` मध्ये दिसणारे आपल्या कार्डाचे नाव घालावे. शेवटच्या ओळीत `Link detected: no` आले तर लिंक खरोखरच नाही. आता चालू असल्याची खात्री असलेली छोटी पॅच कॉर्ड घेऊन संगणक थेट स्विचला जोडावा, स्विचवरचा पोर्ट तोच ठेवावा. लिंक लागली तर कार्ड आणि पोर्ट दोन्ही सुटले, संशय केबलवर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल आणि पोर्ट एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळत नाही.

संशयित केबल परत लावून कार्डाला गिगाबिटचे नावच काढू नको असे सांगता येते:

```
sudo ethtool -s eth0 advertise 0x00f
```

आता `Speed: 100Mb/s` आणि `Link detected: yes` आले, तर पिन 1-2 आणि 3-6 वरच्या, म्हणजे नारिंगी आणि हिरवी, जोड्या धड आहेत आणि दोष उरलेल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीत आहे, हे हत्यार हातात न घेताच कळले. तरीही लिंक लागली नाही, तर पहिल्या दोन जोड्यांपैकी एखादी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. तपासणी झाल्यावर संगणक पुन्हा सुरू केला की कार्ड साधारणपणे पूर्वीच्या सेटिंगवर येते.

केबल

दोन तुकड्यांचा साधा दिव्यांचा टेस्टर या कामाला पुरेसा आहे. वरच्या उदाहरणात सातवा दिवा लागणार नाही. टेस्टर लावलेला असताना दोन्ही टोकांजवळ केबल हळूच वाकवून पाहावी, कारण अर्धवट तुटलेली तार सरळ ठेवल्यावर जोडलेली दिसते. केबल तपासताना ती स्विचमधून काढलेलीच हवी. केबलमधून वीजही पुरवणारे स्विच असतात.

टेस्टर नसेल तर मल्टिमीटर चालतो. एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडून दुसऱ्या टोकाला रोध मोजावा. नेहमीच्या तांब्याच्या केबलमध्ये 100 मीटरला तो सुमारे 17 ते 19 ओहम येतो, 20 मीटरला साडेतीन-चार ओहम. एखादीच जोडी इतरांपेक्षा बरीच जास्त दाखवत असेल तर तिथला सांधा कच्चा आहे.

तुटण्याची जागा बहुतेक वेळा प्लगमध्येच सापडते. पारदर्शक प्लग उजेडासमोर धरून टोकाकडून पाहावे. आठही तारांची टोके पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. पांढरी-तपकिरी तार दोन मिलिमीटर मागे राहिली असेल तर तिच्यावरची सोनेरी पात तारेऐवजी रिकाम्या जागेत घुसलेली असते. अशा प्लगला पुन्हा क्रिंप करून उपयोग नाही, तो कापून नवा लावावा. जोड्यांची पिळणी 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये आणि बाहेरचे आवरण प्लगच्या पकडीखाली यावे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो.

दिव्यांचा टेस्टर एका चुकीपुढे मात्र आंधळा आहे. दोन्ही टोकांना रंग सारख्याच पण चुकीच्या क्रमाने लावले, म्हणजे 3 आणि 6 वर एकाच जोडीऐवजी दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा आल्या, तरी आठही दिवे क्रमाने लागतात. पिळणीचा फायदा मात्र जातो आणि लांब केबलवर लिंक लागत नाही किंवा सारखी तुटते. यावर उपाय एकच, दोन्ही प्लगमधले रंग डोळ्यांनी तपासणे. टी-568-बी मांडणीत क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

पोर्ट आणि कार्ड

पोर्टात टॉर्च मारून आठ सोनेरी स्प्रिंग बघाव्यात. सगळ्या एका उंचीवर असतात. टेलिफोनचा अरुंद प्लग चुकून घुसवला गेला असेल तर त्याच्या कडांनी टोकाच्या, म्हणजे पहिल्या आणि आठव्या, स्प्रिंग दबलेल्या सापडतात. प्लगची खुट्टी तुटली असेल तर तो अर्धा मिलिमीटर मागे सरकतो आणि बसल्यासारखा दिसूनही टेकत नाही. स्विचच्या व्यवस्थापनातून पोर्ट बंद केलेला असेल तरी समोरच्याला तो मेलेलाच दिसतो, म्हणून दुसरा, चालू असल्याची खात्री असलेला पोर्ट लावून पाहावा.

कार्ड `lspci` किंवा `lsusb` मध्ये दिसतच नसेल तर प्रश्न कार्डाचा किंवा त्याच्या जागेचा आहे. यादीत दिसते पण खात्रीच्या केबलवरही लिंक नसेल, तर संगणक बंद करून मुख्य वायर अर्धा मिनिट काढून ठेवावी, कारण बंद संगणकातही कार्डाला थोडी वीज मिळत असते आणि अडकलेली चिप त्याशिवाय सुटत नाही. तरीही न जमल्यास जुन्या केबलचा प्लगसह तुकडा कापून कार्डात बसवावा आणि संगणक बंद असतानाच उघड्या टोकावर प्रत्येक जोडीचा रोध मोजावा. पोर्टामागे ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून प्रत्येक जोडी फार कमी, एक-दोन ओहमच्या आसपास, रोध दाखवते. तीन जोड्या तशा आणि चौथी पूर्ण उघडी असेल तर तिचे वेटोळे किंवा पोर्टाचा सांधा तुटलेला आहे. वीज कोसळून आलेल्या झटक्यानंतर असे होते. चारही जोड्या सारख्या आल्या तरी कार्ड निर्दोष ठरत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची चिप या मोजणीत येत नाही. अशा वेळी दुसरे कार्ड किंवा यूएसबीचा अडॅप्टर त्याच केबलवर लावून पाहावा. त्यावर लिंक लागली तर पहिले कार्ड बदलावे.