ट्रेंडवरची लाट: खरं अंतिम आंदोलन की चिकटणारा व्हॉल्व्ह?

रबाळे एमआयडीसीतल्या कुठल्याही केमिकल युनिटमध्ये जा, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर एखादा तरी लूप डुलताना दिसेलच. कंट्रोलर ट्युन करायची झिगलर आणि निकोल्स यांची १९४२ची पद्धत अशाच डुलण्यावर उभी आहे. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद करायचं, फक्त प्रपोर्शनल गेन हळूहळू वाढवत न्यायचा. लाट जिथे मरतही नाही आणि वाढतही नाही तो गेन म्हणजे अंतिम गेन, Ku. त्या लाटेच्या एका आवर्तनाला लागणारा वेळ म्हणजे Pu. बाकी सेटिंग या दोन आकड्यांतून निघतं; Kc म्हणजे कंट्रोलरचा गेन, Ti इंटिग्रलचा वेळ, Td डेरिव्हेटिव्हचा:

```
PI :  Kc = 0.45 Ku   Ti = Pu/1.2
PID:  Kc = 0.6 Ku    Ti = Pu/2    Td = Pu/8
```

घोळ इथेच सुरू होतो. स्क्रीनवर स्थिर उंचीची, सारख्या अंतराने येणारी लाट दिसली की ती अंतिम आंदोलनाचीच, असं गृहीत धरलं जातं. चिकटणारा कंट्रोल व्हॉल्व्हही तशीच लाट काढतो, आणि तिच्यावरून मोजलेले दोन्ही आकडे निरुपयोगी असतात.

एक उदाहरण घेऊ. वाफेवर पाणी तापवणारा हीट एक्स्चेंजर आहे, बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आपण सांभाळतोय. ट्रान्समीटरची रेंज ० ते १०० अंश. व्हॉल्व्हचं आउटपुट एक टक्का वाढवलं की तापमान शेवटी सव्वा अंशाने वाढतं. डेड टाइम, म्हणजे तापमान हलायला लागेपर्यंतचा वेळ, १२ सेकंद, टाइम कॉन्स्टंट ६० सेकंद. (वाफेचा व्हॉल्व्ह इतका सरळ वागत नाही, पण एका ऑपरेटिंग पॉइंटच्या आसपास एवढं मानायला हरकत नाही.)

या लूपचा खरा अंतिम गेन ६.८च्या आसपास येतो आणि आवर्तकाल ४५ सेकंदांचा. आता समजा, व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग जास्त आवळलंय आणि स्टेम अडकतो. दिशा बदलल्यावर आउटपुट तीन टक्के सरकेपर्यंत तो हलत नाही, मग एकदम तीन टक्के उडी मारतो. लूप जुन्याच सेटिंगवर ऑटोमध्ये आहे: गेन ०.४, इंटिग्रल ६० सेकंद. तापमान सेटपॉइंटच्या थोडं खाली अडकतं. इंटिग्रल आउटपुट ढकलत राहतो, स्टेम सुटतो, तापमान सेटपॉइंट ओलांडून पलीकडे जातं, आणि मग हेच उलट दिशेने सुरू होतं. हिशेब केला तर आवर्तन साधारण ५०० सेकंदांचं, म्हणजे आठ मिनिटांच्या जरा वर येतं, उंची सेटपॉइंटच्या दोन्ही बाजूंना दोन अंशांच्या जरा आत. ट्रेंडवर लाट अगदी नीटस दिसते. घाईतला माणूस म्हणणार, "मिळालं Ku!"

त्याने ०.४ आणि ५०० सेकंद हे आकडे सूत्रात घातले, तर पीआयडीचा गेन ०.२४ येतो, इंटिग्रल २५० सेकंद, डेरिव्हेटिव्ह ६० सेकंदांच्या वर. खऱ्या आकड्यांवरून गेन ४.१ आला असता, इंटिग्रल २२ सेकंद, डेरिव्हेटिव्ह साडेपाच. गेनमध्येच सतरापट फरक. शिवाय लाट जात नाहीच. इंटिग्रल मंदावल्यामुळे ती फक्त आणखी लांबते आणि ट्युनिंग "थोडं सुधारलं" असं वाटायला लागतं.

दोन्ही लाटा वेगळ्या ओळखायची सगळ्यात सोपी खूण डेड टाइममध्ये आहे. या प्रकारच्या प्रक्रियेत खरा आवर्तकाल डेड टाइमच्या दुप्पट ते चौपट असतो, त्याबाहेर जात नाही. मॅन्युअलमध्ये आउटपुटला छोटी पायरी द्या, तापमान हलायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. इथे तो वेळ १२ सेकंद. मग लाट जास्तीत जास्त ४८ सेकंदांची असायला हवी. आठ मिनिटांची लाट दिसली की ट्युनिंग बाजूला ठेवा आणि पान्याची चौकशी करा.

दुसरी खूण म्हणजे इंटिग्रल काढून पाहणं. चिकटणाऱ्या व्हॉल्व्हची लाट अशा स्वतःहून स्थिरावणाऱ्या प्रक्रियेत इंटिग्रलवर जगते. तो काढला की आउटपुट ढकलणारं कोणी उरत नाही आणि तापमान थोडा ऑफसेट ठेवून शांत बसतं. पद्धतीची पहिली पायरीच इंटिग्रल बंद करण्याची आहे, ती नीट पाळली तर हा घोटाळा बहुतेक वेळा होतच नाही. प्रत्यक्षात मात्र कंट्रोलरमध्ये इंटिग्रल शून्य म्हणजे बंद की अतिवेगवान, हे मॉडेलवर ठरतं, आणि इंटिग्रल "बंद केलाय" या समजुतीवर पुढचं सगळं काम होतं. मॅन्युअल उघडून बघाच.

मला स्वतःला तिसरी चाचणी सर्वांत पटते. सेटपॉइंटला एकदा एक अंशाचा धक्का द्या, मग दोन अंशांचा. आउटपुट मर्यादेला टेकत नसेल, तर खऱ्या अंतिम आंदोलनाची उंची धक्क्यावर अवलंबून असते: धक्का दुप्पट, तर लाट दुप्पट. चिकटणाऱ्या व्हॉल्व्हची लाट थोडा वेळ हलते आणि पुन्हा आपल्या ठरलेल्या उंचीवर येते, कारण ती उंची स्टेमची उडी ठरवते.

याच चाचणीत आणखी एक लबाडी पकडली जाते. गेन ६.८ऐवजी चुकून १०वर नेला, तर लाट वाढत जाते आणि आउटपुट शून्य व शंभरला आपटायला लागलं की तिथेच थांबते. उंची तेव्हाही स्थिर दिसते, दोन्ही बाजूंना साधारण नऊ अंशांची. गंमत म्हणजे आवर्तकाल इथे जवळपास बरोबरच मिळतो, ४५ सेकंदांचा. फक्त गेन खोटा असतो. त्याच्यावरून ०.६चा गुणाकार केला तर उत्तर ६ येतं, म्हणजे खऱ्या मर्यादेला जवळपास टेकलेलं. म्हणून चाचणीच्या वेळी तापमानाबरोबर आउटपुटचा ट्रेंडही त्याच स्क्रीनवर हवा. वरखाली सपाट कापलेला दिसला, तर गेन कमी करा.

समजा दोन्ही आकडे खरे मिळाले. तरी सूत्र जसंच्या तसं वापरायला मी कचरतो. ते ठरवताना दर आवर्तनाला लाट पाव उरावी, हे उद्दिष्ट होतं. डिस्टर्बन्स झटक्यात मारायला ते चांगलं, पण सेटपॉइंट बदलला की ओव्हरशूट मोठा येतो, आणि एक्स्चेंजरवर साका चढून प्रक्रियेचं वागणं बदललं तर हाताशी गेनची फारशी सवड नसते. टायरियस आणि लुयबेन यांचं सूत्र याच दोन आकड्यांवरून पीआयसाठी गेन Ku/3.2 आणि इंटिग्रल 2.2 Pu देतं. आपल्या एक्स्चेंजरसाठी ते २.१ आणि ९९ सेकंद. झिगलर–निकोल्सचं पीआय ३.१ आणि ३७ सेकंद सांगतं. पाणी फक्त धुलाईला जात असेल, तर मी टायरियस–लुयबेनच निवडेन.

उलट डेड टाइम टाइम कॉन्स्टंटपेक्षा खूप मोठा असेल, जसं लांब पाइपलाइनच्या टोकाला बसवलेल्या सेन्सरवर, तिथे झिगलर–निकोल्सचा इंटिग्रल गरजेपेक्षा मंद पडतो आणि लूप आळशी होतो. उष्णता सोडणाऱ्या रिअ‍ॅक्शनच्या जॅकेटवर तर ही चाचणी करूच नये. तिथे लूप मर्यादेपर्यंत डुलवणं म्हणजे बॅचशी जुगार. मॅन्युअलमध्ये छोट्या पायऱ्या देऊन डेड टाइम आणि टाइम कॉन्स्टंट काढावेत, आणि त्याआधी व्हॉल्व्हला एक-एक टक्क्याच्या पायऱ्या देऊन स्टेम प्रत्येक पायरीला हलतोय का, ते शेजारी उभं राहून पाहावं.