एसीत ‘गॅस भरणं’ म्हणजे दुरुस्ती नव्हे

दर एप्रिलमध्ये एसीचा गारवा कमी होतो, मेकॅनिक येतो, गेज लावून ‘गॅस कमी झालाय’ सांगतो आणि वरून थोडा भरून जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. खरं तर एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा सापडेपर्यंत भरलेला प्रत्येक ग्रॅम हवेत जाणार.

समजा आर-३२ गॅसवर चालणारा दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. इनडोअर युनिटमागच्या पितळी फ्लेअर नटवर तेलकट डाग दिसतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी अनेकदा तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. आता उरलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो आत असताना नळीजवळ ज्योत नेणं धोक्याचं. मग नळीचं टोक कापून ते तुतारीच्या तोंडासारखं पसरवायचं, म्हणजे नवीन फ्लेअर करायचा, आणि टॉर्क पान्याने नट आवळायचा. जास्त आवळला तरी तांबं चिरतं.

त्यानंतर सिस्टीममध्ये कोरडा नायट्रोजन साधारण ४०० पीएसआय दाबाने भरतात. एसीच्या पाटीवर लिहिलेला कमाल दाब ओलांडायचा नाही, आणि नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, कारण तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. सर्व जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे आणि दाब टिकतो का ते बघायचं. संध्याकाळी तापमान ६ अंशांनी उतरलं तर गळती नसतानाही हा दाब सुमारे ८ पीएसआयने घटतो. तेवढा हिशेब धरावा लागतो.

दाब टिकला की नायट्रोजन बाहेर सोडायचा आणि पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचा. नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते: थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतात. त्याने आतली सगळी हवा जात नाही आणि नळीच्या भिंतींना धरलेला ओलावा तर जागचा हलत नाही. आर-३२ सोबतचं तेल पाणी ओढून घेतं. पुढे पाण्याशी अभिक्रिया होऊन त्यात आम्ल तयार होतं, आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवरचं इन्सुलेशन खातं.

हा ओलावा काढायचा तर पाणी आतल्या आत उकळावं लागतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. दाब आणखी उतरवत नेला तर खोलीच्या तापमानालाही उकळतं. इतका कमी दाब मायक्रॉनमध्ये मोजतात. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, आणि २५ अंशांचं पाणी उकळायला तो २४,००० मायक्रॉनच्याही खाली आणावा लागतो. चांगला मेकॅनिक ५०० मायक्रॉनपर्यंत जातो. साध्या गेजच्या काट्याला हा फरक दिसतच नाही, त्यासाठी मायक्रॉन गेज लागतं. पंप किती मिनिटं चालला यावरूनही काही सिद्ध होत नाही.

५०० ला पोचल्यावर व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून, समजा, १,५०० वर स्थिरावला तर आत अजून पाणी आहे. न थांबता चढतच राहिला तर गळती शिल्लक आहे. जवळपास जागेवर राहिला तरच गॅस भरायचा.

तोही वजन करून. पाटीवर ८५० ग्रॅम आणि ‘५ मीटर नळीपर्यंत’ असं लिहिलंय, नळी ८ मीटर आहे आणि कंपनी पुढच्या प्रत्येक मीटरला २० ग्रॅम सांगते, तर ९१० ग्रॅम. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच आत सोडायचा. दाबावरून हे प्रमाण कळत नाही. बंद एसीत ३० अंशांना आर-३२ चा दाब सुमारे २६५ पीएसआय असतो, आणि आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तर ३०० ग्रॅमलाही तो तेवढाच आणि ९०० ग्रॅमलाही तेवढाच. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग बदलला की चालू दाबही बदलतो.

मग शेवटी गेज कशाला? पडताळणीला. एसी टेस्ट मोडवर पंधरा-वीस मिनिटं चालवायचा. परतीच्या नळीवर १३६ पीएसआय दिसला, तर आर-३२ त्या दाबाला ८ अंशांना उकळतो. तीच नळी थर्मामीटरवर १४ अंश दाखवत असेल, तर सगळा द्रव उकळून वर ६ अंश तापलाय. घरगुती एसीसाठी हे साधारण ठीक. फरक १५ अंशांवर गेला तर कॉईलला गॅस कमी पोचतोय. शून्याजवळ आला तर द्रव कॉम्प्रेसरकडे परततोय, आणि त्याने कॉम्प्रेसर फुटू शकतो. हे झाल्यावर गेजचे पाइप काढायचे, व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट लावायच्या आणि दुरुस्त केलेल्या नटवर पुन्हा एकदा साबणाचं पाणी.

बिलावर आणि आउटडोअर युनिटच्या आतल्या बाजूला ‘९१० ग्रॅम’ आणि तारीख लिहून घ्या. पुढे कधी शंका आली तर गॅस काढून वजन करता येतं. ९१० च्या आसपास निघाला, तर गळती नव्हतीच. मग फिल्टर, फॅन किंवा मळलेली कॉईल तपासायला सांगा.