फोटोत पक्षी आहे, पण नाव फक्त कुळाचं का?

परवा ऑफिसमधल्या एका मित्राने भिगवणचे नऊ फोटो पाठवले, उजनीच्या पाण्याकडेला चिखलात एक बारीकसा तपकिरी-पांढरा पक्षी, आणि खाली लिहिलं होतं, "नाव सांग पटकन." मी बराच वेळ बघून लिहिलं, "स्टिंटपैकी आहे, तुतवारांचं कुळ, पुढे सांगता येत नाही." तो नाराज झाला, म्हणे इतकी वर्षं पक्षी बघतोस आणि एवढंच? फोटोत पक्षी अख्खा दिसतोय मग नाव का नाही, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून जरा नीट लिहितोय.

आधी साधा हिशोब करू. त्याची लेन्स ३०० मिमीची, पक्षी साधारण १५० मीटरवर, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा. १५० मीटर म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थच्या ५०० पट, म्हणून एका पिक्सेलमध्ये पक्ष्याचा ५०० गुणिले ४ मायक्रॉन, म्हणजे २ मिमी भाग येतो. स्टिंट चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण १४ सेंमी, म्हणजे फोटोत फक्त ७० पिक्सेल लांब. हेही सगळं परफेक्ट असेल तर! हात हलला, फोकस किंचित चुकला, आणि सकाळचे अकरा वाजून गेलेले, म्हणजे तापलेल्या चिखलावरची हवा थरथरतेय, तर प्रत्येक ठिपक्याचा उजेड आजूबाजूच्या चार-पाच पिक्सेलांत पसरतो. म्हणजे खरी बारकाई २ मिमीची नाही, १ सेंमीची उरली. १ सेंमीपेक्षा बारीक जे काही आहे ते फोटोत "दिसत नाही" असं नाही, ते शेजारच्या रंगात मिसळून जातं, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे.

पाय घ्या. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर, दोघं थंडीत आपल्याकडे येतात, आणि पुस्तकात ओळखीची खूण म्हणून पायाचा रंग असतोच. आता पाय जाड किती, फार तर २ मिमी. १ सेंमीच्या धुरकट पट्ट्यात पायाचा वाटा एक पंचमांश, बाकी चार भाग मागचा चिखल. म्हणून पाय काळा असो की पिवळा, फोटोत तो चिखलाच्याच रंगाचा दिसतो, थोडा गडद किंवा थोडा फिकट इतकंच, आणि वर पायाला खराखुरा चिखलही लागलेला असतो. मित्र म्हणाला "झूम केल्यावर पिवळे वाटतात," तर ते पिवळेपण चिखलाचं होतं.

चोचीचं त्याहून वाईट. स्टिंटची चोच साधारण १८ मिमी, म्हणजे लांबीला नऊ पिक्सेल, हे पुरेसं वाटेल, पण टोकाला ती इतकी बारीक होते की टोक मागच्या उजेडात विरघळून जातं आणि चोच आहे त्याहून आखूड दिसते. आखूड चोच तर चिखल्यांची, म्हणजे टिटवीच्या कुळातल्या छोट्या प्लोव्हरांची खूण! म्हणजे धूसर फोटो स्टिंटला प्लोव्हर बनवू शकतो, एकट्या चोचीवर विश्वास ठेवला तर कुळसुद्धा चुकेल.

मग कुळ कसं कळलं? तर जे मोठं आहे त्यावरून. ठेवण, मान, डोकं-अंगाचं प्रमाण, ही सगळी दोन-चार सेंमीची कामं, १ सेंमीच्या धुरात टिकतात. चिखल्या पळतो, थांबतो, ताठ उभा राहून बघतो, मग एकदा टोचतो, मग परत पळतो. स्टिंट मान खाली घालून सारखा चिखलात चोच मारत चालतो. मित्राच्या नऊपैकी आठ फोटोंत डोकं खाली होतं, पाठ जमिनीला समांतर. एका फोटोवरून मी हे बोललो नसतो, नऊवरून बोललो. शेजारी एक शेकाट्या उभा होता, त्याच्याशी ताडून आकारही कळला, नाहीतर मोकळ्या चिखलावर एकटा पक्षी किती मोठा आहे हे फोटोत कळतच नाही, तो १४ सेंमीचा असो की २४.

म्हणजे कुळापर्यंत जाणाऱ्या खुणा मोठ्या असतात आणि जातीपर्यंत नेणाऱ्या बहुतेक खुणा बारीक, पिसाच्या कडा, पायाचा रंग, चोचीचा बाक. तज्ज्ञ कुळावर थांबतो तो माहिती कमी म्हणून नाही, फोटोतली माहिती तिथेच संपते म्हणून.

तरीही काही जातीच्या खुणा मोठ्या असतात, त्याच शोधायच्या. टेमिंक्सच्या छातीवर करड्या रंगाचा सलग पट्टा, लिटलची छाती मधोमध पांढरी, हा तीन-चार सेंमीचा भाग आहे, धूसर फोटोतही दिसतो, फक्त पक्षी समोर तोंड करून हवा (माझ्या मित्राचे नऊच्या नऊ फोटो बाजूने!). आणि ऊन जास्त असेल तर पांढरा भाग फुगून करड्यावर चढतो, म्हणून एक्सपोजर थोडं कमी ठेवा. उडतानाचा फोटो असेल तर अजून बरं, ग्रीन सँडपायपरच्या पंखाखालची बाजू काळपट आणि वुड सँडपायपरची फिकट, हा फरक अख्ख्या पंखाचा आहे.

शार्पनिंगच्या स्लायडरने मात्र काही मिळत नाही, आणि याची जाहिरात बघून लोक फसतात. तो स्लायडर कडेला गडद-फिकट फरक वाढवतो, नवी माहिती आणत नाही, उलट पिसांभोवती खोट्या पांढऱ्या रेघा तयार करतो, आणि त्याच रेघांना लोक "पिसांच्या फिकट कडा" म्हणून मोजतात. मी मूळ फाइल मागतो ती यासाठी.

 

मित्राचा पुढचा प्रश्न होता की भिगवणला हिवाळ्यात लिटल स्टिंटच जास्त असतात, मग तेच लिही की. बरोबर, पैज लावली तर मी लिटलवरच लावीन. पण तो अंदाज ठिकाणावरून आला, फोटोवरून नाही. असं प्रत्येकाने केलं तर नेहमीचा पक्षी सगळीकडे नोंदला जाईल आणि वेगळा आलेला एखादा कधीच सापडणार नाही. रेड-नेक्ड स्टिंट तर हिवाळी पिसाऱ्यात लिटलसारखाच असतो, तिथे चांगला फोटोही अपुरा पडतो. म्हणूनच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर "peep sp.", म्हणजे स्टिंटसारखा बारका पक्षी पण जात नक्की नाही, अशी नोंद करायची सोय ठेवलेली आहे, ती वापरायला काही कमीपणा नाही.

पुढच्या रविवारी तो सकाळी सातलाच पोचला, हवा गार, पक्षी ६० मीटरवर, म्हणजे एका पिक्सेलला पाऊण मिमीच्या आसपास. समोरून एक फोटो मिळाला, छाती मधोमध पांढरी, पाय काळे. लिटल स्टिंट लिहिलं. आधीच्या नऊ फोटोंवर मात्र मी "peep sp." तसंच ठेवलं, कारण तो पक्षी हाच होता हे कोण सांगणार.