टीव्हीवरची हिरवळ सारवल्यासारखी का दिसते?

मोठ्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना पाहताना दोन दोष पुष्कळदा एकत्र दिसतात. मैदानावरचे गवत पात्यापात्यांचे न दिसता हिरव्या रंगाने सारवल्यासारखे सपाट दिसते आणि खेळाडूंच्या गालांवरचे दाढीचे खुंट पुसले जाऊन चेहरे मेणाचे वाटू लागतात. त्याच वेळी धावफलकाच्या पट्टीतील अक्षरांना आणि स्टंपांना बाहेरून एक बारीक उजळ किंवा काळपट कड आलेली दिसते. याचा दोष बहुधा वाहिनीला किंवा इंटरनेटच्या वेगाला दिला जातो. काही वेळा तो त्यांचा असतोही, परंतु अनेकदा तो टीव्हीच्या मेनूतील Noise Reduction आणि Sharpness या दोन आकड्यांचा असतो. कारखान्यातून आलेल्या टीव्हीवर, विशेषतः Vivid किंवा Standard या मोडमध्ये, हे दोन्ही गरजेपेक्षा बरेच वर ठेवलेले असतात.

शार्पनेस वाढवल्यावर टीव्ही नेमके काय करतो, हे एका लहानशा गणितातून समजते. प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाला शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा असा आकडा देऊ. गडद पट्टीवर फिकट अक्षर जिथे सुरू होते, तिथे एका ओळीतील सहा पिक्सेल ६०, ६०, ६०, १६०, १६०, १६० असे आहेत. टीव्ही आधी याच ओळीची एक धूसर प्रत तयार करतो. समजा, त्यासाठी प्रत्येक पिक्सेल आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी घेतली, तर धूसर ओळ ६०, ६०, ९३, १२७, १६०, १६० अशी येते. आता मूळ ओळीतून धूसर ओळ वजा केली, तर सगळीकडे शून्य उरते आणि फक्त कडेजवळच्या दोन पिक्सेलांत उणे ३३ आणि अधिक ३३ असा फरक राहतो. हा फरक मूळ ओळीत मिळवला की उत्तर येते ६०, ६०, २७, १९३, १६०, १६०. यातील २७ आणि १९३ हे दोन आकडे मूळ चित्रात कुठेच नव्हते. अक्षराच्या बाहेर पट्टीपेक्षाही काळी रेघ उमटली आणि अक्षराच्या आत अक्षरापेक्षाही उजळ रेघ उमटली. सुरुवातीला सांगितलेली अक्षरांभोवतीची कड ती हीच, आणि तिलाच हेलो म्हणतात. शार्पनेसचा आकडा वाढवणे म्हणजे त्या ३३ला आणखी मोठ्या संख्येने गुणणे. त्यातून कॅमेऱ्याने न टिपलेला एकही तपशील परत येत नाही.

असे असूनही थोडा शार्पनेस वाढवला की चित्र चांगले वाटते, याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली दाखवून दिले की, उजेड आणि अंधार जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे प्रत्यक्षात नसलेला एक उजळ आणि एक काळा पट्टा आपल्याला दिसतो. पुढे हॉल्डन हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून सिद्ध केले की, प्रकाश पडलेली एक पेशी आपल्या शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबते. त्यांना १९६७ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे कडा ठळक करण्याचे काम डोळा स्वतःच करत असतो आणि टीव्ही त्याच्यावर तेच काम पुन्हा करतो. हे दुसरे काम डोळ्याला वेगळे ओळखता येणार नाही इतके बारीक असेल, तर चित्र धारदार वाटते. ते ओळखू येऊ लागले की नजर अक्षराऐवजी त्याच्या कडेवर जाते.

ते केव्हा ओळखू येईल, याचा अंदाज करता येतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते आणि 4K पडद्यावर तिच्यात ३,८४० पिक्सेल बसतात, म्हणून एक पिक्सेल सुमारे ०.३२ मिलिमीटरचा झाला. निरोगी डोळा अडीच मीटरवरून साधारण ०.७ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखतो. त्यामुळे खऱ्या 4K चित्रातली एका पिक्सेलची कड सोफ्यावरून स्वतंत्रपणे दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या एसडी वाहिनीचे चित्र मात्र ७२० पिक्सेल रुंद असते आणि ते ताणून त्याच पडद्यावर बसवले की मूळचा एक पिक्सेल सुमारे १.७ मिलिमीटरचा होतो. वाहिनीने प्रक्षेपणापूर्वीच चित्राला धार दिलेली असेल, तर तिचा हेलोही तेवढाच रुंद होऊन पडद्यावर येतो आणि तो समोरच्या भिंतीजवळूनही दिसतो. हा हेलो चित्रातच मुरलेला असल्याने टीव्हीचा शार्पनेस कितीही कमी केला तरी तो जात नाही. मात्र आकडा वाढवला तर त्याच्यावर आणखी एक कड चढते.

आता हिरवळीकडे वळू. कमी उजेडात कॅमेऱ्यात पिक्सेलागणिक जो यादृच्छिक चढउतार येतो, त्याला नॉइज म्हणतात आणि पडद्यावर तो वळवळणाऱ्या कणांसारखा दिसतो. तो घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सरासरी. तीन गुणिले तीन अशा नऊ पिक्सेलांची सरासरी घेतली की नॉइज एक तृतीयांश होतो, म्हणजे पाच एककांचा नॉइज सुमारे १.७ वर येतो. हे उत्तम वाटते, पण त्याच जागी गवताचे एक पिक्सेल रुंदीचे उभे पाते आहे आणि ते शेजारच्या हिरव्या रंगापेक्षा सहा एककांनी उजळ आहे, असे समजू. सरासरीनंतर त्याचा उठाव सहावरून दोनवर येतो आणि ते तीन पिक्सेलांत पसरते. आधी पात्याचा उठाव नॉइजच्या १.२ पट होता आणि नंतरही तो १.२ पटच राहिला. मिळाले काहीच नाही, फक्त पाते तिप्पट रुंद आणि तिप्पट फिके झाले. यंत्राच्या दृष्टीने सहा एककांचे गवत आणि पाच एककांचा नॉइज यांत ओळखण्याजोगा फरकच नसतो, आणि नॉइज रिडक्शनची खरी मर्यादा इथे आहे.

टीव्हीतील प्रक्रिया अर्थातच इतकी भाबडी नसते. ती बहुधा एक उंबरठा ठरवते: शेजारच्या पिक्सेलांतला फरक त्याहून मोठा असेल तर ती कड आहे असे मानून हात लावायचा नाही, आणि लहान असेल तर तो नॉइज आहे असे मानून पुसायचा. त्यामुळे हिरवळीपुढचा पांढरा स्टंप शाबूत राहतो, पण हिरवळ, जर्सीची वीण आणि खेळपट्टीवरच्या भेगा हे सगळे उंबरठ्याखाली असल्यामुळे सपाट होते. ठळक बाह्यरेषा आणि आत काहीच नाही, असे चित्र दिसले की Noise Reduction जास्त आहे हे ओळखावे. दुसरा प्रकार लागोपाठच्या फ्रेमची सरासरी घेतो. चार फ्रेम एकत्र केल्या की नॉइज निम्मा होतो आणि स्थिर चित्रातला तपशील पुसला जात नाही, म्हणून हा मार्ग तत्त्वतः अधिक चांगला आहे. मात्र वस्तू हलत असेल आणि यंत्राचा तिच्या हालचालीचा अंदाज चुकला, तर सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे फिकट शेपूट उमटते.

दोन्ही आकडे एकत्र वाढवले की परिणाम सर्वांत वाईट होतो, आणि नेमके हेच सर्रास केले जाते. सहसा नॉइज आधी पुसला जातो आणि धार नंतर दिली जाते. पहिल्या पायरीत बारीक पोत गेलेला असतो, म्हणून दुसऱ्या पायरीला धार देण्यासाठी फक्त ठळक कडा उरतात. पाहणाऱ्याला चित्र मऊ वाटते, तो शार्पनेस आणखी वाढवतो, हेलो वाढतो आणि गवत काही परत येत नाही.

मग किती ठेवावे? शार्पनेसचा तटस्थ आकडा, म्हणजे ज्यावर टीव्ही चित्राला धारही देत नाही आणि ते धूसरही करत नाही तो आकडा, प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. सोनीच्या टीव्हीवर शंभरपैकी ५० हा तटस्थ आहे आणि त्याखाली गेले की चित्र धूसर होते. इतर अनेक टीव्हींवर तो शून्यावर किंवा शून्याच्या थोडासा वर असतो. दुसऱ्याने सांगितलेला आकडा जशाच्या तसा उचलण्यापेक्षा आपला आकडा स्वतः शोधणे अधिक खात्रीचे असते. संगणकावर पडद्याच्या मापाचे, म्हणजे 3840×2160 किंवा 1920×1080 पिक्सेलचे, मध्यम करडे चित्र तयार करावे, त्यावर एक, दोन आणि चार पिक्सेल जाडीच्या काळ्या रेघा काढाव्यात आणि ते PNG स्वरूपात जतन करावे, कारण JPEG स्वतःच रेघांभोवती डाग पाडतो. संगणक HDMI केबलने जोडून चित्र पूर्ण पडद्यावर आणावे, पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहावे आणि आकडा वर न्यावा. रेघांच्या दोन्ही बाजूंना करड्यापेक्षा उजळ पट्टी दिसू लागेल. ती नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणावा आणि तिथेच थांबावे. त्याहून खाली गेल्यावर एक पिक्सेलची रेघ करडी पडू लागली, तर पुन्हा किंचित वर यावे. पहिल्या संध्याकाळी हे चित्र मवाळ वाटेल, कारण नजरेला हेलोची सवय झालेली असते, पण आकड्याला हात लावण्यापूर्वी दोन-चार दिवस जाऊ द्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नॉइज रिडक्शनबाबत माझे मत स्पष्ट आहे. ब्लू-रे आणि चांगल्या प्रतीचे 4K किंवा एचडी स्ट्रीमिंग यांसाठी ते पूर्ण बंद असावे. फिल्मवर चित्रित केलेल्या चित्रपटातील कण हा त्या चित्राचाच भाग आहे आणि तो पुसताना त्याच्यासोबत कलाकाराच्या त्वचेचा पोतही जातो. यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ साली जाहीर केलेल्या Filmmaker Mode मध्ये शार्पनेसची वाढ आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद ठेवले जातात, त्यामुळे तो मोड उपलब्ध असल्यास तिथूनच सुरुवात करावी. एसडी वाहिन्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे डेटा वाचवण्यासाठी जास्त आवळलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या, चित्रात लहान चौकोन दिसतात आणि अक्षरांभोवती डास घोंगावल्यासारखे डाग हलतात. त्यांच्यासाठी MPEG Noise Reduction किंवा सोनीवरचे Digital noise reduction हे वेगळे सेटिंग असते. ते Low वर ठेवल्यास खरोखर उपयोग होतो, पण High वर त्या चौकोनांसोबत हिरवळही जाते.

हे सगळे एकाच ठिकाणी बदलून भागत नाही. बहुतेक टीव्हींत प्रत्येक पिक्चर मोडचे आकडे स्वतंत्र असतात, पुष्कळांत सेट-टॉप बॉक्सच्या HDMI जोडणीचे आणि टीव्हीतल्याच ॲपचे आकडेही वेगळे जतन होतात, आणि HDR चित्र सुरू झाले की तिसराच संच लागू होतो. सेट-टॉप बॉक्स एसडी चित्र आपल्या आतच ताणून 1080i म्हणून पुढे पाठवत असेल, तर टीव्हीला ते एचडी वाटते. म्हणून बॉक्सच्या मेनूतही धार किंवा नॉइज यांचे एखादे सेटिंग असेल, तर ते आधी बंद करावे आणि मगच टीव्हीचे आकडे ठरवावेत.