पावणेसहाचा रोखा, सव्वासातचा बाजार

ऑगस्ट 2020 मध्ये भारत सरकारने दहा वर्षांसाठी कर्ज उभारलं आणि त्यावर व्याज कबूल केलं 5.77 टक्के. सरकारी रोख्यांना वेगळी नावं नसतात. व्याजदर आणि परतफेडीचं वर्ष हीच त्यांची ओळख, म्हणून हा झाला '5.77 टक्के, 2030'. तो करोनाचा काळ होता. रिझर्व्ह बँकेने बँकांना पैसे देण्याचा आपला दर, म्हणजे रेपो दर, 4 टक्क्यांवर आणून ठेवला होता, बँकांकडे पैसा पडून होता आणि पावणेसहा टक्के व्याज त्या वेळी कोणालाही वावगं वाटलं नाही.

समजा, एकाने या रोख्यात 10,000 रुपये घातले. त्याला दर सहा महिन्यांनी 288 रुपये 50 पैसे मिळणार, म्हणजे वर्षाला 577 रुपये, आणि 3 ऑगस्ट 2030 रोजी मूळ 10,000 परत. यातला एकही आकडा पुढे बदलत नाही. बाजारात काहीही होवो, सरकार 577 चे 600 करणार नाही आणि 500 ही करणार नाही. रोख्याचा भाव का हलतो हे कळायला आधी ही गोष्ट पक्की लक्षात घ्यावी लागते. मिळणारी रक्कम ठरलेली असते, म्हणूनच भावाला हलावं लागतं.

2022 साली चित्र पालटलं. महागाई वाढली आणि 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 4.40 वर नेला. जूनमध्ये तो 4.90 झाला, ऑगस्टमध्ये 5.40. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने दहा वर्षांचा नवा रोखा काढला तेव्हा त्याचा व्याजदर ठरला 7.26 टक्के. कर्ज घेणारं सरकार तेच आणि परतफेडीची खात्रीही तितकीच, पण नव्याने पैसे देणाऱ्याला आता सव्वासात टक्के मिळू लागले होते.

आता आपल्या माणसाला ऑगस्ट 2022 मध्ये पैशांची गरज पडली असं धरू. मुदत ठेव असती तर थोडा दंड भरून मोडता आली असती. पण रोखा मोडता येत नाही. 2030 च्या आधी सरकार पैसे परत देत नाही, त्यामुळे बाजारात कोणीतरी विकत घेणारा शोधावा लागतो. आणि तो विकत घेणारा साहजिकच विचारतो, 'इतक्याच पैशांत मला सव्वासात टक्के मिळत असताना तुमचा पावणेसहाचा रोखा मी पूर्ण किमतीला का घेऊ?' यावर विकणाऱ्याकडे एकच उत्तर असतं, भाव उतरवणं. प्रश्न इतकाच की किती.

हिशेब सोपा राहावा म्हणून उरलेल्या आठ वर्षांसाठी बाजाराचा दर सरळ 7.25 टक्के धरू. दिवस घेऊ 3 ऑगस्ट 2022, कारण त्या दिवशी सहामाही व्याज नुकतंच जमा झालेलं असतं आणि अधल्यामधल्या दिवसांचं व्याज मोजावं लागत नाही. 7.25 टक्क्यांचा 10,000 चा रोखा दर सहामाहीला 362 रुपये 50 पैसे देईल. जुना देतो 288.50. फरक 74 रुपयांचा. पुढच्या आठ वर्षांत असे सोळा हप्ते आहेत आणि प्रत्येक हप्त्याला जुन्या रोख्याच्या मालकाला 74 रुपये कमी पडणार आहेत. शेवटी मिळणारे 10,000 मात्र दोन्हींत सारखेच.

सोळा गुणिले 74 म्हणजे 1,184 रुपये. मग भाव तेवढ्याने उतरायला हवा का? नाही, त्याहून थोडा कमी. कारण हे 74 रुपये आज कमी पडत नाहीयेत, एकेक करून पुढे पडणार आहेत. सहा महिन्यांनी येणाऱ्या 74 रुपयांच्या तुटीसाठी आज 71 रुपये 41 पैसे बाजूला काढले तरी पुरतात, कारण सव्वासात टक्क्यांनी सहा महिन्यांत त्यांचे 74 होतात. आठ वर्षांनंतरच्या शेवटच्या 74 साठी तर आज जेमतेम 42 रुपये लागतात. अशा सोळाही तुटींची आजची किंमत मांडून बेरीज केली की येतात सुमारे 887 रुपये. म्हणजे जुन्या रोख्याचा रास्त भाव झाला 9,113. बाजारात भाव शंभर रुपयांमागे सांगतात, तेव्हा पडद्यावर 91.13 असा आकडा दिसेल.

या भावाला घेणाऱ्याला काय मिळतं? व्याज 577 रुपयेच. पण त्याने फक्त 9,113 गुंतवले आहेत आणि 2030 मध्ये त्याच्या हातात 10,000 पडणार आहेत. व्याज आणि ही वरची 887 ची भर, दोन्ही मिळून त्याचा वार्षिक परतावा बरोबर 7.25 टक्के बसतो. नवा रोखा घेतला काय किंवा उतरलेल्या भावात जुना घेतला काय, करांचा विचार बाजूला ठेवला तर त्याला फरक पडत नाही. भाव नेमका तिथेच येऊन थांबतो. 8,900 ला कोणी विकायला काढला तर त्यावर उड्या पडतील आणि भाव चढेल. 9,300 मागितले तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.

इथे एक चूक फार दिसते, समजावून सांगणाऱ्यांच्या लेखांतही. 577 रुपये हे सव्वासात टक्के व्हायला हवेत, म्हणून 577 भागिले 0.0725, भाव आला 7,959! हा हिशेब कधीच परत न मिळणाऱ्या, कायम व्याज देत राहणाऱ्या कर्जासाठी बरोबर आहे. मुदत असलेल्या रोख्यात शेवटी पूर्ण दर्शनी किंमत परत येते हे त्यात सुटून जातं. वास्तविक 9,113 वर 577 म्हणजे साधारण 6.33 टक्केच होतात. उरलेला परतावा भाव 10,000 पर्यंत चढण्यातून येतो, व्याजातून नाही. ब्रोकरच्या यादीत रोख्यासमोर टक्क्यांचे दोन-तीन आकडे असतात ते यामुळेच. छापील व्याजदर, आजच्या भावावरचं व्याज आणि मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दोन रोख्यांची तुलना करायची तर ती तिसऱ्यावरच करावी.

वरच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट आपोआप बाहेर पडते. भाव किती उतरणार हे 74 ची तूट किती वेळा सोसावी लागणार यावर अवलंबून आहे. याच रोख्याचं एकच वर्ष उरलं असतं तर तूट दोनच हप्त्यांची, आणि भाव 9,860 च्या आसपास राहिला असता. उलट तीस वर्षं उरली असती तर साठ हप्ते, आणि भाव गडगडून 8,200 पर्यंत गेला असता. दरातला फरक तोच, सरकार तेच, पण फटका एका बाजूला दीड टक्क्याहून कमी आणि दुसऱ्या बाजूला अठरा टक्के. 'सरकारी रोखे म्हणजे सुरक्षित' असं ऐकून दीर्घ मुदतीच्या गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोखेच घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, पैसे टाकणाऱ्यांना दर वाढले की धक्का बसतो तो इथेच. पैसे बुडणार नाहीत याची हमी सरकार देतं, मधल्या काळात भाव टिकेल याची नाही. आणि फंडाला रोजच्या बाजारभावाने एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, काढावी लागते, म्हणून ही घसरण लगेच दिसते.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'विकू नका, मुदत संपेपर्यंत धरून ठेवा, तोटा होणार नाही.' हा सल्ला अर्धाच खरा आहे असं मला वाटतं. 10,000 परत मिळतील हे खरं. दर अजिबात हलले नाहीत तरी रोख्याचा भाव हळूहळू वर सरकतो. ऑगस्ट 2026 मध्ये, चार वर्षं उरलेली असताना, त्याच 7.25 टक्क्यांच्या दराने तो 9,494 च्या आसपास यायला हवा. पण तोपर्यंत आठ वेळा 74 रुपये कमी घेतलेले असतात. विकणारा 887 रुपयांचा तोटा एकदम सोसतो, न विकणारा तोच तोटा सोळा हप्त्यांत सोसतो. दोन्हींची आजची किंमत एकच आहे. मुदत ठेवीतही हे असंच घडतं, फक्त ठेवीचा रोजचा भाव कोणी छापत नाही म्हणून दिसत नाही. धरून ठेवण्याचा खरा फायदा निराळा आहे. पैसे नेमके 2030 मध्येच लागणार असतील, तर मधल्या भावाशी आपला संबंध उरत नाही.

मात्र पैसे कधी लागतील हे आपल्या हातात असायला हवं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या हातात ते नव्हतं. दर तळाला असताना तिने ठेवीदारांचा पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत घातला, आणि त्यातले बरेचसे 'मुदतपूर्तीपर्यंत ठेवणार' या सदरात टाकून खरेदीच्या किमतीनेच वह्यांत दाखवले. 2022 अखेर या सदरातल्या रोख्यांचा बाजारभाव वह्यांतल्या किमतीपेक्षा सुमारे 15 अब्ज डॉलरने कमी होता. ठेवीदार पैसे काढू लागले तेव्हा मार्च 2023 मध्ये बँकेने विक्रीसाठी ठेवलेले 21 अब्ज डॉलरचे दुसरे रोखे विकले. त्यांच्यावर सरासरी परतावा होता 1.79 टक्के. तोटा झाला 1.8 अब्ज. ही बातमी फुटताच 9 मार्च या एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं लागलं. रोखे खोटे नव्हते. पण धरून ठेवण्याची मुभा बँकेकडे उरली नव्हती.

दर उतरले की हेच सगळं उलट चालतं. 7.26 चा रोखा हाती असताना नवे रोखे साडेसहाने निघू लागले, तर प्रत्येक हप्त्याला तुटीऐवजी वाढावा असतो आणि घेणारा दर्शनी किमतीपेक्षा जास्त मोजायला तयार होतो. पण इथे 'दर' म्हणजे कोणता दर, हे नीट पाहायला हवं. रेपो दर हा बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या मुदतीसाठी मिळणाऱ्या पैशाचा दर आहे. आठ-दहा वर्षांच्या रोख्याचा भाव ठरतो तो तितक्याच मुदतीसाठी लोक आज किती टक्के मागतात यावर, आणि त्यात पुढच्या महागाईचा अंदाज, सरकार किती कर्ज काढणार याची धास्ती, सगळं आलं. 2022 च्या पहिल्या चार महिन्यांत रेपो 4 वरच होता, तरी दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा साडेसहाच्या खालून सातच्या वर गेला होता. म्हणजे जुन्या रोख्यांचे भाव रिझर्व्ह बँक हलण्याआधीच पडले होते. 6 जून 2025 ला याच्या उलट झालं. रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने उतरून 5.50 झाला, पण त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने आपलं धोरण तटस्थ केल्याचंही जाहीर केलं. यापुढे फारशी कपात होणार नाही असा अर्थ बाजाराने काढला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे भाव चढण्याऐवजी उतरले.