टीझर पोस्ट (ग्रामीण विदर्भ)

माल विक्रीला येण्याआधी त्याची फक्त चुणूक दाखवणारी पोस्ट म्हणजे टीझर. विदर्भातल्या खेड्यांत बचत गट आणि घरगुती उद्योग ती बहुतेक व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकतात. तिच्यात एकच गोष्ट झाकायची असते. कोणती, ते पाहणाऱ्यावरून ठरते.

गडचिरोलीकडचा एखादा गट मोहफुलांचे लाडू काढणार आहे असे धरू. वाळलेले मोहफूल मनुक्यासारखे दिसते. तळहातावर तीन-चार फुले ठेवून सकाळच्या उजेडात जवळून काढलेला फोटो आणि खाली ‘हे मनुके नाहीत’ एवढी ओळ नागपूरच्या गिऱ्हाइकाला पुरे. गावात मात्र ती फसते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचणाऱ्यांना फूल लगेच ओळखू येते, म्हणून तिथे फूल उघड दाखवून पदार्थ झाकावा: लाडू वळणारे हात, वर ओला फडका.

मोहाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ‘मोहाची नवी चव, लवकरच’ असे मोघम लिहिले की लोकांच्या मनात आधी दारूच येते, आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चौकशीचे फोन येतात, पण भलत्याच मालासाठी. तेव्हा ‘खाऊ’ हा शब्द पोस्टमध्ये हवाच. पूर्ण मजकूर असा होतो: ‘हे मनुके नाहीत. यांचा खाऊ शनिवारच्या बाजारात. पहिल्या खेपेला ४० पाकिटे.’ नाव आणि भाव शनिवारीच सांगावेत.

आकडा आणि वार लिहायचे ते पाकिटे भरून, लेबले लागून, अन्न नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच. नोंदणी अडकलेली असताना वार जाहीर केला, तर दुसऱ्यांदा टाकलेल्या टीझरला कोणी विचारत नाही. पाच-सहा दिवस आधी पहिली पोस्ट आणि आदल्या संध्याकाळी दुसरी, एवढे बास. महिनाभर ‘लवकरच’ चालू राहिले की लोक कंटाळतात.

जास्तीचे आश्वासन बहुधा विशेषणातून शिरते. लाडवात गूळ-साखर नसली तरी ‘शुगर फ्री’ लिहू नये. मोहफूल मुळातच गोड आहे आणि मधुमेही माणूस त्या दोन शब्दांवर विसंबून खाईल. ‘रक्त वाढवतो’ हाही तसाच दावा, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडू शकणारा. पोस्टमधला प्रत्येक शब्द पाकीट फोडून दाखवता येईल का, ही साधी कसोटी लावावी.

स्टेटस २४ तासांत जाते, आणि दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच दिसते. बाजारातल्या गिऱ्हाइकांचे नंबर नुसते वहीत उतरवून घेतले असतील, तर पोस्ट त्यांच्यापर्यंत जातच नाही. पाहणारे मोजकेच दिसले तर फोटो बदलण्याआधी हे तपासावे. ‘काय आहे हो?’ असे उत्तर आले, तर टीझर लागू पडला, ‘केवढ्याला?’ आले, तर झाकलेले बहुधा उघडे पडले आहे.