लांब प्रश्न आणि पुरा प्रश्न

माझ्या आतेभावाची चोपडा तालुक्यात केळी आहे. गेल्या सप्टेंबरात त्याने आमच्या केळीवाल्यांच्या गटात विचारलं: "केळीची पाने पिवळी पडत आहेत. काय करावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे." सोबत बांधावरून काढलेला बागेचा एक फोटो. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तो वाचला होता आणि उत्तर देणाऱ्यांतलाच आहे, म्हणून का गप्प बसलो ते सांगू शकतो.

केळीचं पान पिवळं पडायला कारणं ढीगभर. नत्र कमी पडलं तर पिवळं, पालाश कमी पडलं तर पिवळं, पाणी साचलं तर पिवळं. करप्याने पिवळं, थंडीतल्या चरक्याने पिवळं, आणि ज्याचं नाव काढलं तरी आमच्याकडे पोटात गोळा येतो त्या हरण्यानेही पिवळंच. आता मी "नत्र द्या" म्हणालो आणि निघाला हरण्या, तर गटातल्या सगळ्यांदेखत माझी शोभा. नीट सांगायचं तर आधी मलाच पाच-सहा गोष्टी उलट विचाराव्या लागणार. रात्री जेवून बसलेला माणूस एवढं करत नाही.

तिसऱ्या दिवशी आतेभावाला वाटलं, आपण फारच थोडं लिहिलं. म्हणून त्याने मोबाइलचे तीन पडदे भरतील एवढं लिहिलं. रोपं कुठून घेतली, विकणाऱ्याने काय कबूल केलं होतं, बेसल डोस किती टाकला, औषधवाल्याने दिलेल्या दोन फवारण्या, सोसायटीचं कर्ज, गेल्या वर्षीचा भाव. शेवटी, "रोपेच खराब असतील का? कंपनीवर केस करता येईल का? आणि पाने हिरवी करायला काय मारू?" त्यावर चार अंगठे आले आणि एकाने लिहिलं, "इतलं लांब कोन वाचस, भाऊ?"

पहिलं फार आखूड होतं, दुसरं फार लांब, म्हणजे मधलं काहीतरी हवं होतं, असं इथे वाटतं. पण दुसऱ्यातही पान कुठलं पिवळं, वरचं की खालचं, हे नव्हतंच. लांबी वाढली, पण कारण ओळखायला लागणारी माहिती जिथे होती तिथेच राहिली. शिवाय रोपं विकणाऱ्यावर ठपका आल्याने उत्तर देणं म्हणजे भांडणात बाजू घेणं झालं. प्रश्नही एकाचे तीन झाले. केसचं माहीत नसलेला माणूस फवारणीचंही सांगत नाही, कारण अर्धं उत्तर द्यायला त्याला संकोच वाटतो.

लांब प्रश्नात विचारणाऱ्याला जे आठवतं ते सगळं असतं. पुऱ्या प्रश्नात उत्तर देणाऱ्याला दोन कारणांतून एक निवडायला जे लागतं तेवढंच असतं. बाहेरून दोन्ही "सविस्तर"च दिसतात, म्हणून गफलत होते.

मग काय लागतं ते विचारणाऱ्याला कसं कळावं? त्याला तर उत्तरच माहीत नाही. आम्ही त्या रविवारी ओट्यावर बसून उलटीकडून सुरुवात केली. आधी संभाव्य उत्तरं कागदावर लिहिली: नत्र, लोह, हरण्या. मग प्रत्येकाला विचारलं, तू असशील तर शेतात काय वेगळं दिसेल?

नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पानं फिकी पडतात, कारण झाड तिथलं नत्र काढून नव्या पानाला देतं. लोह तसं हलत नाही, म्हणून आधी नवं पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीत हे जास्त दिसतं. हरण्या हा विषाणू आहे, मावा तो पसरवतो. त्यात पानावर तुटक पिवळे पट्टे येतात, आणि रोगट झाडं बागेत इकडे एक, तिकडे एक अशी विखुरलेली दिसतात. म्हणजे तीनच गोष्टी बघायच्या: पान नवं की जुनं, पिवळेपणा कसा, आणि झाडं पट्ट्यात की विखुरलेली.

आतेभाऊ उठून मळ्यात गेला आणि तासाभराने परत आला. मग हे लिहिलं:

"चोपडा तालुका, ग्रँड नैन, टिश्यू रोपं, लागवड जुलैचा पहिला आठवडा, ठिबक. वरची नवी दोन-तीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. खालची पानं हिरवीच. फक्त उताराकडच्या तीन ओळींत, तिथे चुनखडी आहे आणि पावसाचं पाणी दोन दिवस उभं होतं. तुटक पट्टे दिसले नाहीत. युरिया ठिबकमधून दोनदा दिला, फरक नाही. मला लोहाची कमतरता वाटते, पण हरण्याची भीती आहे. झाडं उपटण्याआधी काय बघून खात्री करू? फोटो तीन: नवं पान, जुनं पान, अख्खं झाड."

हा मजकूर दुसऱ्याच्या पाव भागाएवढाही नाही. युरियाचं वाक्य मात्र मी हट्टाने ठेवलं. काय करून झालं आणि त्याने काय झालं, हे सांगितलं की तोच सल्ला पुन्हा येत नाही. आणि "लोह वाटतं" हा अंदाज म्हणूनच लिहिला. "लोह कमी आहे, किती डोस देऊ?" असं विचारलं असतं तर लोकांनी डोस सांगितला असता, मुळात लोहच कमी आहे का हे कोणी तपासलंच नसतं. ही चूक चांगले चांगले करतात. शेवटचा प्रश्नही एकच, आणि त्याच्यामागे निर्णय आहे: उपटायचं की थांबायचं. हरण्या झालेल्या झाडावर औषध नाही, ते काढूनच टाकावं लागतं, त्यामुळे वाचणाऱ्यालाही गांभीर्य कळतं.

फोटोंचंही तसंच. बांधावरच्या फोटोत फक्त हिरवळ दिसते. पान उन्हाकडे धरून, शिरा दिसतील असा एक काढला की अर्धं काम होतं.

संध्याकाळपर्यंत दोन उत्तरं आली. एकाने सांगितलं, चारच झाडांच्या पानांवर फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, ऊन उतरल्यावर फवारा. पान हिरवं व्हायला लागलं तर लोहच. दुसऱ्याने पाणी काढायला चारी मारायला सांगितलं. दहाएक दिवसांत फवारलेली झाडं शेजारच्यांपेक्षा हिरवी दिसू लागली.

जुनाच मजकूर "कोणी उत्तर देईल का?" असं जोडून पुन्हा टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं! तो टोमणा वाटतो, प्रश्न नाही.

एवढं करूनही काही प्रश्न लिहून सुटत नाहीत. मर रोगाचा संशय असेल तर खोड कापून आत तपकिरी झालंय का ते बघावंच लागतं. सूत्रकृमी असतील तर मुळं आणि माती प्रयोगशाळेत न्यावी लागते. तिथे "काय झालंय?" विचारून उपयोग नाही, "काय कापून बघू, नमुना कुठून घेऊ?" एवढंच विचारावं. पुढच्याच महिन्यात आतेभावाच्या शेजाऱ्याने तसं विचारलं, तेव्हा पहिलं उत्तर मीच दिलं होतं.